शाळेला गणवेशाचं प्रस्तावपत्र: दर काढण्यापासून पोच घेण्यापर्यंत

तालुक्याच्या गावात माझं गणवेशाचं दुकान आहे. मुलीच्या शाळेत दोन वर्षं पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीवरही होतो, तेव्हा माझ्या दुकानाचं पत्र तिथे द्यायचं नाही हे मी स्वतःच ठरवलं होतं. त्यामुळे दुसऱ्यांची पत्रं टेबलाच्या पलीकडून बघायला मिळाली.

सभेत घडतं ते असं. शाळेचे लिपिक एका फुलस्केप कागदावर रकाने आखून आणतात: पुरवठादार, कापड, शर्टचा दर, पँटचा दर, कर, माल कधी, पैसे कधी, शेरा. मग एकेक पत्र उघडून रकाने भरतात. आमच्या सभेत एका पत्रात 'वीस वर्षांची अखंड सेवा', 'विश्वासाचं नाव', 'माफक दर' असं सगळं होतं, पण रकान्यात घालण्याजोगं काहीच नव्हतं. लिपिकांनी नावापुढच्या सातही ठिकाणी आडवी रेघ ओढली आणि पत्र बाजूला ठेवलं. तो माणूस शिवायचा चांगलं, मला माहीत होतं. पण सभेत बसलेल्या नऊ जणांना ते कुठून कळणार?

म्हणून पत्र लिहिताना तो रकान्यांचा कागद डोळ्यांसमोर ठेवायचा. तुम्ही समोर नसताना, कोणाला फोन न लावता, लिपिकाला सगळे रकाने भरता आले पाहिजेत. पुढची सगळी तयारी त्यासाठीच आहे. उदाहरण म्हणून खासगी अनुदानित माध्यमिक शाळा घेऊ: पाचवी ते दहावी, ४८० विद्यार्थी, त्यात २६० मुलगे. दर माझ्या अंदाजाचे आहेत. तुमच्या गावचे वेगळे असतील, पण रीत तीच.

टप्पा १: पैसे कोण देणार, हे आधी विचारून या

पत्राची सुरुवात या प्रश्नापासून होते, आणि निम्मी पत्रं इथेच चुकतात. शाळा तीन तऱ्हेनं गणवेश घेते.

पहिली तऱ्हा जिल्हा परिषद किंवा नगरपालिकेच्या शाळेची. तिथे पहिली ते आठवीचा मोफत गणवेश समग्र शिक्षा योजनेच्या आणि राज्य सरकारच्या पैशातून येतो आणि दोन जोडांना मिळून विद्यार्थ्यामागे ६०० रुपये मिळतात. २०२४-२५ ला राज्यानं एकाच ठिकाणाहून कापड देण्याचा प्रयोग केला होता. २०२५-२६ पासून खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आली. इथे जोडामागे ३०० रुपयांच्या वरचा दर वाचलाही जात नाही. तेव्हा आधी रक्कम धरायची आणि तिच्यात कोणतं कापड बसतं ते बघायचं.

दुसऱ्या तऱ्हेत संस्था स्वतः माल घेते, पैसे देते आणि मुलांना वाटते. इथे बिल संस्थेच्या नावानं होतं, आणि निर्णय बहुतेक वेळा मुख्याध्यापकांच्या वर, सचिवांकडे असतो.

तिसरी तऱ्हा सर्रास दिसते. शाळा रंग आणि नमुना ठरवते, पालक विकत घेतात. ठरावीक दुकानातूनच घ्या अशी सक्ती शाळेला करता येत नाही. शिक्षण विभागानं हे वेळोवेळी बजावलेलं आहे. म्हणून अशा शाळेला लिहिताना 'आपल्या सर्व विद्यार्थ्यांना आमच्याकडूनच खरेदी करण्यास सांगावे' हे वाक्य चुकूनही घालू नका. ते वाक्य असलेलं पत्र मुख्याध्यापकांना फाईलमध्ये ठेवायचीही भीती वाटते. तिथे इतकंच मागायचं: दरपत्रक सूचनाफलकावर लावू द्यावं आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन दिवस शाळेच्या आवारात विक्रीला जागा द्यावी.

> सावध: शाळेनं आधीच दरपत्रकं मागवणारी सूचना काढली असेल तर प्रस्तावपत्र लिहू नका. त्यांच्या नमुन्यात, सांगितलेल्या तारखेच्या आत, बंद पाकिटात दर द्या. आपल्या ढंगाचं पत्र पाठवलं तर ते उघडण्याआधीच बाद होऊ शकतं.

आमच्या उदाहरणातली शाळा दुसऱ्या तऱ्हेची धरू. संस्था घेणार, संस्था पैसे देणार.

टप्पा २: तारखा जूनपासून मागे मोजा

विदर्भ सोडला तर आपल्याकडे शाळा जूनच्या मध्यावर उघडते. मुलाच्या अंगावर पहिल्या दिवशी गणवेश हवा असेल तर माल ५ जूनपर्यंत शाळेत पोचला पाहिजे, कारण वाटायला आणि मापं बदलून द्यायला आठवडा जातो. साडेचारशे-पाचशे मुलांचे दोन-दोन जोड शिवायला चार-पाच शिलाई मशिनवाल्यांना दीड महिना हवा. म्हणजे कटिंग एप्रिलच्या मध्यावर सुरू. त्याआधी कापड यायला तीन आठवडे. म्हणजे कापडाची ऑर्डर मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, आणि शाळेचा होकार त्याच्या आधी.

आता शाळेच्या बाजूनं बघा. डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलन. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावीच्या बोर्डाची धांदल, आणि शाळा परीक्षा केंद्र असेल तर मुख्याध्यापकांशी दोन मिनिटं बोलणंही जमत नाही. एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा आणि निकाल. मोकळी जागा एकच उरते: २६ जानेवारीनंतरचे दोन आठवडे. पत्र तेव्हा हातात पडलं पाहिजे. मेमध्ये पत्र घेऊन जाणाऱ्याला 'पुढच्या वर्षी बघू' हेच उत्तर मिळतं, आणि ते खरंच असतं.

टप्पा ३: कापड पक्कं करा आणि घरी धुऊन बघा

दर लिहिण्याआधी कापड ठरलेलं हवं. 'उत्तम प्रतीचे टेरीकॉट' यानं रकाना भरत नाही. पॉलिस्टर किती टक्के, कॉटन किंवा व्हिस्कोज किती, आणि जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम वजन, एवढं लिहावं लागतं. शर्टाला पॉलिस्टर ६५ आणि कॉटन ३५ या मिश्रणाचं ११५ ते १२५ जीएसएमचं कापड चालतं. पँटला पॉलिस्टर-व्हिस्कोजचं, २०० च्या आसपासचं. व्यापाऱ्याकडून ताक्यावरचं लेबल किंवा बिलावरचा तपशील लेखी घ्या. तोंडी सांगितलेला आकडा पत्रात घालू नका.

मग स्वतः चाचणी करा. कापडाच्या तुकड्यावर बॉलपेननं ५० सेंटीमीटरचा चौकोन आखा. तीन वेळा साबणानं धुऊन उन्हात वाळवा आणि पुन्हा मोजा. ४९ भरलं तर दोन टक्के आटलं, हे चालतं. ४८ च्या खाली गेलं तर ते कापड घेऊ नका, जुलैत सगळे शर्ट आखूड होऊन परत येतील. रंगासाठी पांढरा सुती रुमाल ओला करून कापडावर वीस वेळा घासा. रुमालावर रंग उतरला तर पावसाळ्यात पँटीचा रंग शर्टाला लागणार हे धरून चाला. गडद निळ्या आणि मरून रंगात हे हटकून होतं.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो. एका वर्षी ऐंशी मीटर कापड कमी पडलं. त्याच व्यापाऱ्याकडून, त्याच क्रमांकाचं कापड जुलैत पुन्हा मागवलं. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दोन्ही सारखंच दिसलं. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाला मुलं रांगेत उभी राहिली आणि नववीच्या रांगेत मधेमधे सहा मुलं किंचित हिरवट आकाशी! रंगाचा लॉट बदलला होता. मुख्याध्यापक काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले. तेव्हापासून मी सगळं कापड एकाच लॉटचं आणि अंदाजापेक्षा पाच टक्के जास्त घेतो, आणि ही गोष्ट पत्रात लिहितो. लिहिलेलं वाचून समितीतले लोक मान डोलावतात, कारण दोन छटांचे गणवेश त्यांनीही पाहिलेले असतात.

> इथे तपासा: धुतलेला तुकडा आणि कोरा तुकडा एकाच पुठ्ठ्यावर शेजारी लावा. खाली मिश्रण, वजन आणि धुलाईची तारीख लिहा. हा पुठ्ठा पत्राबरोबर जाणार आहे.

टप्पा ४: मापांनुसार दर काढा

पैसे बुडतात ते इथे, म्हणून जरा सावकाश जाऊ.

पाचवीच्या मुलाला २८ नंबरचा शर्ट लागतो, दहावीच्या एखाद्याला ४०. दोन्हींच्या कापडात निम्म्याचा फरक पडतो. प्रत्येक नंबराला वेगळा दर दिला तर लिपिकाचा कागद पुरत नाही. एकच दर दिला तर तुम्ही अडकता. मापांचे तीन गट करणं सगळ्यात सोयीचं.

मुलांची मापं फेब्रुवारीत घ्यायला शाळा परवानगी देईलच असं नाही. वर्गवार पट मात्र लिपिक सांगतात. त्यावरून अंदाज बांधायचा, आणि मुलं जूनपर्यंत वाढतात म्हणून प्रत्येक वर्ग आजच्यापेक्षा अर्धं माप पुढे धरायचा. आमच्या २६० मुलग्यांचा अंदाज असा निघाला: २८-३० मापाचे ९०, ३२-३४ चे १००, ३६ ते ४० चे ७०.

आता हाफ बाह्यांच्या शर्टचा खर्च. कापड १०० रुपये मीटर, पन्हा ५८ इंच.

| | २८-३० | ३२-३४ | ३६-४० |
|---|---|---|---|
| कापड | १ मी., १०० रु. | १.२ मी., १२० रु. | १.४ मी., १४० रु. |
| शिलाई, काज-बटणासह | ६५ | ७५ | ८५ |
| बटण, बक्रम, दोरा | १२ | १२ | १२ |
| खिशावरचं बोधचिन्ह | १० | १० | १० |
| पिशवी, वाहतूक | ८ | ८ | ८ |
| एकूण | १९५ | २२५ | २५५ |

यावर आठ टक्के धरा, उरलेल्या मापांसाठी आणि पैसे उशिरा येतात त्याच्या व्याजासाठी. हे आठ टक्के नवे दुकानदार विसरतात. प्रत्येक वर्षी पंचवीस-तीस शर्ट भलत्याच मापाचे उरतात, आणि खिशावर शाळेचं बोधचिन्ह असल्यानं ते दुसरीकडे विकताही येत नाहीत. त्याच्या वर बारा टक्के नफा धरला, आणि ५ टक्के जीएसटी मिळवून आकडा थोडा खाली-वर करून पाचाच्या पटीत बसवला, की दर येतात २४५, २८५ आणि ३२५ रुपये.

कराबद्दल दोन गोष्टी. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर ५ टक्के जीएसटी आहे, म्हणजे शाळेचा गणवेश सगळाच त्यात येतो. शाळेला या कराची वजावट मिळत नाही, म्हणून समितीला कराशिवायच्या दराचा काही उपयोग नसतो. दर करासहच लिहा. तुम्ही कंपोझिशन योजनेत असाल तर गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही, तेव्हा फक्त 'दर अंतिम' असं लिहायचं.

सगळ्यात महागडी चूक आता बघा. पुष्कळ जण पत्रात लिहितात, 'शर्ट रु. २४५ पासून'. लिपिक 'पासून' लिहीत नाही. रकान्यात पडतं २४५, ठराव होतो २४५ ला, आणि जूनमध्ये मोठ्या मापाचे जास्त पैसे मागितले की भांडण. ते मिटवायला सगळे शर्ट २४५ लाच दिले तर काय होतं? प्रत्येकी दोन शर्ट धरले तर मधल्या गटात २०० शर्टांवर चाळीस-चाळीस, मोठ्या गटात १४० शर्टांवर ऐंशी-ऐंशी रुपये गेले. एकूण १९,२०० रुपये. त्यातला कर वजा केला तरी फटका १८,२८६ चा. आणि ५२० शर्टांवर तुमचा ठरलेला नफा होता साधारण साडेचौदा हजार. म्हणजे नफा तर गेलाच, वर पावणेचार हजार खिशातून घातले.

हाफ पँट, फुल पँट आणि मुलींच्या ड्रेसचं गणित याच रीतीनं मांडायचं. फक्त पाचवी ते सातवीला हाफ पँट आणि आठवीपासून फुल पँट असेल तर गट मापावरून न करता इयत्तेवरून करा. शाळेला ते लवकर कळतं.

> इथे तपासा: दराचा तक्ता घरातल्या कोणाला तरी द्या आणि विचारा, 'सातवीतल्या मुलाचे दोन जोड कितीला?' त्याला मिनिटभरात सांगता आलं नाही तर तक्ता पुन्हा मांडा.

टप्पा ५: पत्र लिहा, एका पानात

मुख्य पत्र एका पानाचं. दर आणि मापं परिशिष्टात. क्रम असा ठेवायचा: काय देणार, किती दरानं, कधी, पैसे कसे, गडबड झाली तर काय. दुकानाची ओळख शेवटी, दोन ओळींत. नमुना असा:

> (दुकानाचं नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक, मोबाइल)
>
> जा. क्र. ____ दिनांक: ____ जानेवारी २०__
>
> प्रति,
> मा. मुख्याध्यापक,
> ____ विद्यालय, ____
>
> विषय: शैक्षणिक वर्ष २०__-__ साठी इ. ५ वी ते १० वीच्या विद्यार्थ्यांना तयार गणवेश पुरविण्याबाबत प्रस्ताव.
>
> संदर्भ: दि. ____ रोजी आपल्या कार्यालयात झालेली चर्चा.
>
> महोदय,
>
> आपल्या विद्यालयातील अंदाजे ४८० विद्यार्थ्यांसाठी प्रत्येकी दोन जोड गणवेश शाळेने ठरविलेल्या रंगात व नमुन्यात शिवून देण्याची आमची तयारी आहे. तपशील पुढीलप्रमाणे:
>
> १. कापड: शर्ट ६५ टक्के पॉलिस्टर, ३५ टक्के कॉटन, १२० जीएसएम, पँट पॉलिस्टर-व्हिस्कोज, २०० जीएसएम. सर्व कापड एकाच रंग-लॉटचे असेल. तीन वेळा धुतलेला व कोरा नमुना सोबत जोडला आहे.
>
> २. दर: मुलग्यांचा शर्ट करासह रु. २४५ (माप २८-३०), रु. २८५ (माप ३२-३४), रु. ३२५ (माप ३६-४०). इतर कपड्यांचे दर परिशिष्ट 'अ' मध्ये. दर १५ मार्चपर्यंत मिळालेल्या लेखी आदेशास लागू राहतील.
>
> ३. मापे: आदेश मिळाल्यावर शाळेच्या सोयीने दोन दिवसांत आमचे कारागीर शाळेत येऊन घेतील.
>
> ४. पुरवठा: ५ जूनपर्यंत, वर्ग व हजेरी क्रमांकानुसार स्वतंत्र पिशव्यांत, शाळेत पोच. वाहतूक आमची.
>
> ५. रक्कम: ३० टक्के आदेशासोबत, ५० टक्के माल मिळाल्यावर, २० टक्के ३० जूनपर्यंत.
>
> ६. माप न बसल्यास, न धुतलेला कपडा ३० जूनपर्यंत विनामूल्य बदलून मिळेल. शिवण उसवल्यास वर्षभर विनामूल्य दुरुस्ती.
>
> ७. जून-जुलैमध्ये नव्याने प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांना १५ ऑगस्टपर्यंत याच दराने गणवेश मिळेल.
>
> आम्ही ____ सालापासून ____ येथे गणवेश शिवत आहोत. तयार शर्ट व पँटचा प्रत्येकी एक नमुना सोबत सादर केला आहे. हा प्रस्ताव समितीसमोर ठेवावा, ही विनंती.
>
> आपला विश्वासू,
> (सही, नाव, शिक्का)
>
> सोबत: १) परिशिष्ट 'अ' दरपत्रक, २) परिशिष्ट 'ब' मापांचा तक्ता, ३) कापडाचा पुठ्ठा, ४) नमुन्याचे कपडे, २ नग

यातल्या काही ओळी का आहेत ते सांगतो. दराची मुदत लिहिली नाही तर शाळा मेच्या शेवटी जानेवारीच्या दरानं ऑर्डर देते, आणि तोवर कापड मीटरमागे आठ-दहा रुपयांनी चढलेलं असू शकतं. 'न धुतलेला' हा शब्द गाळलात तर तीन वेळा घालून, शाईचे डाग पडलेले शर्ट बदलायला येतात. आणि सातव्या कलमाशिवाय पत्र अर्धवट राहतं. उशिरा प्रवेश घेणाऱ्या मुलांचं काय, हा प्रश्न मुख्याध्यापकांना दर जूनमध्ये सतावतो, आणि त्याचं उत्तर फारच थोड्या पत्रांत असतं. ते गणवेश शिवायला तुमच्याकडे जास्तीचं पाच टक्के कापड आहेच.

पैशाच्या कलमात संकोच करू नका. आगाऊ रक्कम मागितली तर शाळा नाराज होईल असं वाटतं, पण संस्थेला हप्ते आधी कळलेले बरे पडतात. त्यांनाही अंदाजपत्रकात तरतूद करावी लागते. अनुदानाच्या पैशातून खरेदी असेल तर आगाऊ काहीच मिळणार नाही हे गृहीत धरा, आणि आठ टक्क्यांचे दहा करा.

> सावध: शाळेला कमिशन, शिक्षकांना भेटवस्तू किंवा 'संस्थेस देणगी' यांचा उल्लेख पत्रात नको आणि तोंडीही नको. ते पैसे शेवटी दरात चढतात, आणि ही गोष्ट एकदा पालक-शिक्षक संघात निघाली की पुढची दहा वर्षं तुमचं पत्र त्या शाळेत फिरकत नाही. सवलत द्यायची असेल तर ती दरातच द्या.

टप्पा ६: पत्र द्या, पोच घ्या

दोन प्रती न्या. एक शाळेला, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का. शिपायाच्या हातात पाकीट देऊन परतू नका, आणि मुख्याध्यापकांच्या मोबाइलवर फोटो पाठवून 'पत्र दिलंय' असं समजू नका. आवक नोंदवहीत नसलेलं पत्र सभेत येत नाही.

नमुन्याच्या कपड्यांना दोऱ्यानं चिठ्ठी बांधा: दुकानाचं नाव, माप, आवक क्रमांक. टाचणी लावू नका. सभेत कपडे हातोहात फिरतात, टाचण्या निघतात, आणि कुठला शर्ट कोणाचा हे कोणालाच सांगता येत नाही. आमच्या सभेत एका दुकानाचा नमुना दुसऱ्याच्या नावावर वाखाणला गेला होता.

देताना लिपिकांना दोनच गोष्टी विचारा: सभा साधारण कधी, आणि कागदपत्रांत काही कमी आहे का. आठवड्यानं एक फोन पुरे. रोज चकरा मारणाऱ्याचं नाव निघालं की लोक हसतात.

टप्पा ७: होकार आला की दोन नमुने मोहोरबंद करा

तोंडी होकारावर कापड उचलू नका. लेखी आदेशात नग, दर, तारीख आणि हप्ते तुमच्या पत्राप्रमाणेच आहेत का ते ओळीनं पडताळा. दर घासाघीस करून बदलला असेल तर बदललेला आकडा आदेशात हवा.

मग एकाच मापाचे दोन जोड शिवा. कॉलरच्या आतल्या बाजूला मुख्याध्यापकांची आणि तुमची सही घ्या, तारीख घाला, पिशवीत घालून लाखेनं किंवा चिकटपट्टीवर सही करून बंद करा. एक शाळेच्या कपाटात, एक तुमच्याकडे. जूनमध्ये कोणी 'दाखवलं होतं ते कापड हे नव्हे' म्हणालं की पिशवी उघडायची. माझ्याकडे गेल्या सहा वर्षांच्या अशा पिशव्या आहेत. उघडायची वेळ एकदाच आली, आणि त्या वेळी चूक माझ्याच कारागिराची निघाली: बोधचिन्ह खिशाच्या मध्यावर न घेता अर्धा इंच वर शिवलं होतं. चाळीस शर्ट उसवून पुन्हा शिवले.

वह्यांचा प्रस्ताव असेल तर

रीत तीच, फक्त तपशील बदलतात. सगळ्यात मोठा घोळ 'पानी' या शब्दाचा. दुकानात २०० पानी वही म्हणजे २०० पृष्ठं, म्हणजे कागद १००. समितीतल्या एखाद्याला ते २०० कागद वाटतात. म्हणून 'पृष्ठे २००, मुखपृष्ठ सोडून' असं लिहा. वहीची लांबी-रुंदी सेंटीमीटरमध्ये, कागदाचं जीएसएम, एकरेघी, दुरेघी की चौकटी, आणि शिवण की पिन, हे प्रत्येक प्रकारापुढे हवं. शाईच्या पेननं दोन ओळी लिहून मागच्या पानावर उमटतं का ते बघा आणि तेच लिहिलेलं पान नमुन्यात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्यांवर जीएसटी शून्य आहे; जुन्या पत्राची नक्कल करताना १२ टक्क्यांची ओळ तशीच राहून जाते, ती काढा.

वह्या विषयवार न मोजता इयत्तावार संच करून द्या: पाचवीचा संच अमुक नग, दर अमुक. आणि प्रत्येक संचात वर्षाच्या मध्यात लागणाऱ्या दोन वह्या जास्तीच्या घालायच्या का, हे त्या त्या वर्गशिक्षकांना विचारून ठरवा. गणिताची वही दिवाळीआधीच संपते.